खाते माझे, सौदे कोणाचे?

*उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. सहा वर्षांपूर्वी शाहूपुरीतल्या एका ओळखीच्या सब-ब्रोकरमार्फत डीमॅट उघडलं, तीन कंपन्यांचे शेअर घेतले आणि तसेच ठेवले. ऑप्शन म्हणजे काय हे मला आजही कळत नाही. आता जुलैत पोरीनं खातं उघडून बघितलं तर सगळे शेअर विकलेले, आणि ३ जून ते २७ जून जवळजवळ रोज निफ्टी ऑप्शनचे सौदे. मी एकाही सौद्याला हो म्हटलेलं नाही, ओटीपीही कुणाला दिलेला नाही. मोबाइलवर मेसेज येत होते, पण बँकेचे असतील म्हणून उघडत नव्हतो. विचारलं तर म्हणाला, "मार्केट फिरलं, मी भरून देतो." ३०,००० रुपये गुगल पे केले, आणि आता म्हणतोय, व्हॉट्सॲपवर नुसतं 'ओके' लिहा, बाकीचे हळूहळू देतो. त्याचे वडील आणि मी एकाच तालमीतले, त्यामुळं भांडायचं जिवावर येतंय. लेजर सोबत जोडलं आहे. सेबीकडे तक्रार केली तर पैसे मिळतील का? — मंगळवार पेठेतील एक वाचक*

ते 'ओके' लिहू नका. तुमची बाजू आज जेवढी भक्कम आहे, तेवढी त्या दोन अक्षरांनंतर राहणार नाही.

कारण असे. मार्च २०१८ मध्ये सेबीने विनापरवानगी सौद्यांबाबत एक परिपत्रक काढले. त्यानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने आधी हातात ठेवायचा आणि मगच सौदा करायचा. हा पुरावा म्हणजे तुमच्या सहीचा कागद, फोनचे रेकॉर्डिंग, नोंदवलेल्या ईमेलवरून आलेला मेल, एसएमएसची नोंद किंवा इंटरनेटवरून ऑर्डर टाकली असेल तर तिचा लॉग. वाद झाला की तो पुरावा आणून दाखवण्याची जबाबदारी ब्रोकरची. 'मी ऑर्डर दिली नाही' हे तुम्ही सिद्ध करायचे नसते, 'यांनी दिली' हे त्याने सिद्ध करायचे असते. पण त्याच परिपत्रकात एक फट आहे. तांत्रिक बिघाडासारख्या अपवादात्मक कारणाने ऑर्डरचा पुरावा नाही असे ब्रोकरने कारणासह सांगितले, तर इतर गोष्टी विचारात घेता येतात: सौद्यानंतर ग्राहकाने दिलेला होकार, किंवा त्या सौद्यापोटी ग्राहकाने घेतलेले अथवा दिलेले पैसे. तुमचा सब-ब्रोकर नेमका हाच होकार मागतो आहे. त्याला हे परिपत्रक ठाऊक असो वा नसो, त्याच्या ब्रोकरच्या कायदा विभागाला ते पाठ असते.

ते ३०,००० परत करू नका आणि लपवूही नका. ते त्याच्या स्वतःच्या खात्यातून आले आहेत, ब्रोकरच्या नाही. एका अर्थी हा तुमच्याच बाजूचा पुरावा आहे; सौदे तुमच्या सांगण्यावरून झाले असते तर त्याने खिशातले पैसे का भरले असते? गुगल पेच्या पावतीचा आणि 'मी भरून देतो' हे लेखी कुठे आले असेल तर त्याचाही स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. तोंडीच बोलला असेल तर व्हॉट्सॲपवर साधा प्रश्न टाका: 'माझे शेअर कुणाच्या सांगण्यावरून विकलेस?' उत्तर आले तर उत्तम, नाही आले तरी तुमचा आक्षेप तारखेनिशी नोंदला जातो.

तालमीच्या नात्याचा गुंता थोडा सैल होईल अशी एक गोष्ट सांगतो. तुमची तक्रार त्या मुलाविरुद्ध नाहीच. आपण सवयीने सब-ब्रोकर म्हणतो, पण सेबीने तो वर्ग २०१९ मध्येच बंद केला. आता ही मंडळी ब्रोकरचे 'अधिकृत व्यक्ती' असतात आणि त्यांनी केलेल्या प्रत्येक कृतीची जबाबदारी ब्रोकरची असते. तक्रारीत प्रतिवादी म्हणून ब्रोकर कंपनीचे नाव येईल. तिचा नोंदणी क्रमांक कॉन्ट्रॅक्ट नोटवर, म्हणजे ब्रोकर पाठवतो त्या सौद्यांच्या पावतीवर असतो आणि INZ ने सुरू होतो. शाहूपुरीच्या ऑफिसचा उल्लेख फक्त मजकुरात करायचा. 'तो आमचा कर्मचारी नाही' असे कंपनीने म्हटले तरी तिची सुटका होत नाही.

आता पहिले काम, नुकसान थांबवणे. ब्रोकरच्या ॲपमध्ये खाते गोठवण्याची सोय असते, नोंदवलेल्या ईमेलवरूनही ती मागता येते. जुलै २०२४ पासून ही सोय देणे ब्रोकरना बंधनकारक आहे. मात्र यात फसगत होते. या गोठवण्याने ऑनलाइन प्रवेश बंद होतो. तुमच्या बाबतीत सौदे बहुधा डीलरच्या टर्मिनलवरून टाकले गेले असावेत. म्हणून त्याच मेलमध्ये आणखी दोन ओळी घाला: माझा फ्युचर्स-ऑप्शन विभाग बंद करा, आणि मी दिलेले डीडीपीआय किंवा जुने मुखत्यारपत्र रद्द करा. डीडीपीआय म्हणजे विकलेले शेअर डीमॅटमधून काढण्याची ब्रोकरला मुभा देणारा कागद. एखादा ऑप्शन अजून उघडा असेल तर तो तसाच सोडू नका. 'हा सौदा माझा नाही. नुकसान वाढू नये म्हणून माझे हक्क राखून तो बंद करावा' असे लिहून बंद करायला लावा. नंतर 'उघडा ठेवून तुम्हीच तोटा वाढवला' असे म्हणायला जागा राहत नाही.

लेजरमध्ये ५५,००० रुपये शिल्लक दिसतात. हिशेबचुकतीच्या नियमानुसार अशी रक्कम ठरावीक काळाने आपोआप तुमच्या बँकेत येते. ती आली की 'ग्राहकाने पैसे घेतले' असे म्हटले जाईल. म्हणून ती येण्याआधीच मेल करून ठेवा, की ही रक्कम माझ्याच शेअरच्या विक्रीची आहे आणि ती घेणे म्हणजे सौद्यांना मान्यता नव्हे.

मग कागद. ब्रोकरकडून जूनच्या सर्व कॉन्ट्रॅक्ट नोट, १ एप्रिलपासूनचे लेजर आणि डीमॅटचा व्यवहार उतारा मागवा. कॉन्ट्रॅक्ट नोटवर प्रत्येक ऑर्डरची वेळ असते, ती महत्त्वाची. मोबाइल कंपनीच्या ॲपवरून जूनच्या कॉलचा तपशील आजच उतरवून ठेवा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. समजा ५ जूनला सकाळी ९.४७ ला ऑर्डर आहे आणि त्या दिवशी तुमच्या आणि त्याच्या नंबरमध्ये एकही कॉल नाही. मग 'फोनवर सांगितले होते' हा बचाव तिथेच लंगडा पडतो. असे सगळ्या दिवसांचे एक कोष्टक करा: तारीख, ऑर्डरची वेळ, त्याआधी कॉल होता की नाही, नफा-तोटा. पोरीला एक संध्याकाळ पुरेल.

ज्या दिवशी कॉल झाला असेल तो दिवसही प्रामाणिकपणे दाखवा. तुम्ही पाहुण्यांच्या लग्नाबद्दल बोलला असाल, पण त्याचे रेकॉर्डिंग ब्रोकरकडे असायला हवे. नसेल तर ती त्याची अडचण.

आता ब्रोकरला पहिली तक्रार. ती मुख्य कार्यालयाच्या तक्रार निवारण ईमेलवर करायची, शाहूपुरीच्या ऑफिसात नाही. हा ईमेल कॉन्ट्रॅक्ट नोटवर आणि कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. मेल तुमच्या नोंदवलेल्या पत्त्यावरूनच जायला हवा. मजकूर साधारण असा:

> 'माझ्या खात्यात ३ जून ते २७ जून या काळात झालेले सोबतच्या यादीतील सर्व सौदे माझ्या सूचनेशिवाय झाले आहेत. ते मला मान्य नाहीत. प्रत्येक ऑर्डरसाठी पुढील गोष्टी द्याव्यात: ऑर्डर कोणत्या मार्गाने आली, फोनवर आली असल्यास रेकॉर्डिंग, इंटरनेटवरून आली असल्यास आयपी पत्त्यासह लॉग, टर्मिनलवरून टाकली असल्यास टर्मिनलचा क्रमांक व ठिकाण. तसेच माझे खाते उघडण्याचा अर्ज, ऑप्शन विभाग सुरू करण्यासाठी घेतलेली संमती व उत्पन्नाचा पुरावा, आणि माझ्या नोंदवलेल्या मोबाइल-ईमेलमध्ये झालेल्या बदलांचा तपशील द्यावा. वाद मिटेपर्यंत सर्व रेकॉर्डिंग व लॉग जपून ठेवावेत.'

यातली ऑप्शन विभागाच्या संमतीची मागणी वरवर किरकोळ वाटते, पण अशा प्रकरणात बरेचदा गाडी तिथेच अडते. डेरिव्हेटिव्हचा विभाग सुरू करायला ग्राहकाची संमती आणि उत्पन्नाचा कागद लागतो. सहा वर्षांपूर्वी तुम्ही फक्त शेअर खरेदीसाठी खाते उघडले असेल, तर तो विभाग कधी आणि कुणी सुरू केला? कधी सहीच्या अर्जावर टिकमार्क नंतर मारलेली सापडते, कधी ओटीपी भलत्याच मोबाइलवर गेलेला सापडतो. शेवटची ओळ रेकॉर्डिंग जपण्याची. नोंदी किमान तीन वर्षे ठेवायच्या असतात, आणि वाद उपस्थित झाला तर तो मिटेपर्यंत.

उत्तर काय येईल तेही सांगून ठेवतो. पहिले, 'ग्राहकाला रोज एसएमएस आणि कॉन्ट्रॅक्ट नोट मिळत होत्या, त्याने २४ तासांत आक्षेप घेतला नाही.' तुमच्या प्रकरणातली ही खरी कमजोर बाजू आहे. गप्प बसणे म्हणजे ऑर्डर देणे नव्हे, आणि आधी ऑर्डरचा पुरावा दाखवा, हे त्यावरचे उत्तर. पण प्रकरण पुढे लवादात गेले तर तिथल्या पंचांसमोर गप्प राहण्याला वजन असते. तीन आठवडे रोज मेसेज आले तर काही पंच सुरुवातीचे सौदे ग्राहकाच्या बाजूने धरतात आणि पुढच्यांत त्याचाही हलगर्जीपणा मोजतात. मेसेज आलेच नव्हते असे खोटे मात्र लिहू नका. ते पोचल्याची नोंद असते. 'आले, पण मी उघडले नाहीत. सहा वर्षांत माझ्या खात्यात एकही ऑप्शन सौदा नव्हता' एवढे पुरे. सहा वर्षांचे लेजर हे तुमचे चांगले साक्षीदार आहे. कळल्यापासून तक्रारीपर्यंत किती दिवस गेले याला फार महत्त्व येते, म्हणून हा मेल या आठवड्यातच जाऊ द्या.

दुसरे उत्तर येईल, 'ग्राहकाने डीडीपीआयवर सही केली आहे.' केलीही असेल. त्या कागदाने ब्रोकरला विकलेले शेअर डीमॅटमधून एक्स्चेंजकडे पोचते करणे, मार्जिनसाठी गहाण ठेवणे अशा ठरावीक कामांची मुभा मिळते. विकायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यात नाही. तुम्ही ओटीपी न देता शेअर कसे गेले, याचा उलगडा मात्र बहुधा याच कागदात असेल.

आता रक्कम. इथे लोक हमखास दुप्पट मागतात आणि सगळीच मागणी संशयास्पद करून घेतात. तुमच्या लेजरप्रमाणे शेअर विकून २,४०,००० आले. ऑप्शनमध्ये नफ्याचे दिवस वजा जाता १,८५,००० गेले, त्यात ४२,००० दलाली आणि कर. उरले ५५,०००. विक्रीचे २,४०,००० अधिक तोट्याचे १,८५,००० अशी बेरीज करू नका, कारण तोटा त्याच विक्रीच्या पैशातून गेला आहे. बरोबर मांडणी अशी: तेच शेअर तुम्हाला कळले त्या दिवशी परत घ्यायचे तर किती लागले असते? पोरीने काढलेल्या भावाने २,६२,०००. त्यातून हाताशी असलेले ५५,००० वजा केले की २,०७,०००. त्यातून सब-ब्रोकरने दिलेले ३०,००० वजा करा. मागणी १,७७,००० रुपये. पंच कोणत्या दिवसाचा भाव धरतील हे त्यांच्यावर आहे, म्हणून विक्रीच्या दिवसाचा आकडाही शेजारी द्या. आणि नफ्याचे सौदे आपले, तोट्याचे त्याचे, असे निवडू नका. सगळेच नाकारायचे असतात.

ते ४२,००० मागणीत आहेतच, पण मजकुरात वेगळे दाखवा. शेअर पडून राहिले तर शाहूपुरीच्या ऑफिसला दमडी मिळत नाही. रोज सौदे झाले तर दलालीचा वाटा मिळतो. कारण काय असावे हे वाचणाऱ्याला न सांगता दिसते.

ब्रोकरला उत्तरासाठी २१ दिवस असतात. १० जुलैला मेल गेला तर ३१ जुलैपर्यंत वाट बघा, आणि उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर सेबीच्या स्कोअर्सवर, म्हणजे scores.sebi.gov.in वर जा. पॅन आणि जन्मतारखेने नोंदणी होते. प्रकार 'स्टॉक ब्रोकर', त्यात विनापरवानगी सौदे हा विषय निवडायचा. मजकूर पानभर पुरे: काय झाले, कधी कळले, ब्रोकरला कधी लिहिले, काय उत्तर आले, किती रक्कम. तुमचे कोष्टक, लेजर, कॉन्ट्रॅक्ट नोट आणि मेलची साखळी पीडीएफ करून जोडा. तक्रार घटनेपासून वर्षभराच्या आत हवी. मुदत शेवटच्या नव्हे, ३ जूनच्या पहिल्या सौद्यापासून मोजा. संगणकाची अडचण असेल तर सेबीच्या १८०० २२ ७५७५ या टोल फ्री क्रमांकावर मराठीत विचारता येते.

तक्रार आपोआप ब्रोकरकडे जाते आणि त्याला २१ दिवसांत कृती अहवाल द्यावा लागतो. १ ऑगस्टला टाकली तर २२ ऑगस्टच्या सुमारास तो दिसेल. बहुतेक वेळा ब्रोकरचे आधीचेच उत्तर लेटरहेड बदलून येते. न पटल्यास १५ दिवसांत, म्हणजे या हिशेबाने ६ सप्टेंबरपर्यंत, पहिल्या फेरविचाराचे बटण दाबायचे. तो विचार एक्स्चेंजसारखी नेमलेली संस्था करते. तेही पटले नाही तर पुन्हा १५ दिवसांत दुसरा फेरविचार मागता येतो, तो सेबी स्वतः करते. ही मुदत चुकली की तक्रार बंद होते. पोर्टलवरचा मेल स्पॅममध्ये गेला म्हणून ती चुकल्याची उदाहरणे कमी नाहीत.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. सेबी ब्रोकरकडून उत्तर वदवून घेते, नियम मोडले असतील तर त्याच्यावर कारवाई करू शकते. पण 'कोण खरे बोलतो' हा पुराव्याचा वाद सोडवून १,७७,००० तुमच्या खात्यात टाका असा निवाडा स्कोअर्सवर होत नाही. ते काम smartodr.in या पोर्टलवर होते. तिथे आधी समेटकार नेमला जातो आणि त्याने साधारण २१ दिवसांत तडजोड घडवायची असते. दोघांच्या संमतीने आणखी १० दिवस मिळतात. हे ऑनलाइन चालते, कोल्हापुरात बसून मोबाइलवरच बोलायचे असते. तडजोड न झाल्यास तिथूनच लवादाकडे जाता येते. त्याला रकमेच्या टप्प्याप्रमाणे शुल्क पडते, ते पोर्टलवर आधीच दिसते. लवादाचा निवाडा दोघांवर बंधनकारक असतो.

एकाच वेळी दोन्ही दारे उघडी नसतात. स्मार्ट ओडीआरला गेलात की स्कोअर्सवरची तक्रार निकाली धरली जाते. तुमच्यासाठी माझे मत, आधी स्कोअर्स. तिथे ब्रोकरला लेखी भूमिका घ्यावी लागते, आणि 'रेकॉर्डिंग उपलब्ध नाही' हे एक वाक्य त्याच्या लेटरहेडवर आले की लवादापुढे निम्मे काम झालेले असते. रेकॉर्डिंग दिले तर ते पूर्ण ऐका. सौद्यानंतर संध्याकाळी केलेला 'आज असं झालं बघा' छापाचा कॉल ऑर्डरचा पुरावा म्हणून जोडतात. त्याची वेळ कॉन्ट्रॅक्ट नोटशी ताडून पाहा.

बाजू कशाने कोसळते तेही माहीत असावे. ॲपचा पासवर्ड त्याच्याकडे होता, किंवा 'महिन्याला दोन टक्के देतो' असे काही ठरले होते, असे निघाले तर प्रकरण बदलते. खात्रीच्या परताव्याचा करार नियमांतच बसत नाही आणि त्यावरची मागणी सहसा उभी राहत नाही. तुम्ही पत्रात तसे लिहिलेले नाही, पण मेल पाठवण्यापूर्वी घरात एकदा विचारून घ्या. कधी मुलाने परस्पर ओटीपी सांगितलेला असतो. आणि कागदावर तुमची नसलेली सही किंवा परस्पर बदललेला मोबाइल नंबर सापडला, तर तो नुसता ब्रोकरचा वाद राहत नाही. त्याची फिर्याद पोलिसांत स्वतंत्रपणे द्यावी लागेल.

ब्रोकरला मेल गेला की आठवड्याभरात ते पितापुत्र चहाला येतील, सोबत छापील कागद असेल: 'माझी कोणतीही तक्रार नाही.' चहा जरूर पाजा. तडजोड करायची तर पूर्ण रक्कम ब्रोकर कंपनीच्या खात्यातून तुमच्या बँकेत जमा होऊ दे, हप्ते नकोत, आणि स्मार्ट ओडीआरवर प्रकरण असेल तर करार तिथेच नोंदवा. पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज येईपर्यंत सही नाही. तो मेसेज मात्र या वेळी उघडून वाचा.